दर वेळी नव्याने उतरवलेल्या फाइलमध्ये त्याच चुका परत येतात: हाताने केलेल्या दुरुस्त्या टिकवायच्या कशा?

पावसाळी_साखळी
नमस्कार मंडळी. आमच्या डिचोली-सत्तरी भागातल्या बागायतदारांच्या गटासाठी मी पावसाची नोंद ठेवतो. गोव्यातल्या पर्जन्यमापन केंद्रांची रोजची आकडेवारी एका ठिकाणी मिळते. तिथली फाइल दर वेळी १ जूनपासूनची सगळी नोंद घेऊन येते, नुसत्या नव्या आठवड्याची नाही. मी ती दर सोमवारी उतरवतो, तिच्यावरून तालुकावार बेरजा काढतो आणि गटाला पाठवतो. सुपारीवर बोर्डो मिश्रणाची फवारणी कधी करायची, उघडीप किती दिवसांची आहे, हे लोक त्यावरून ठरवतात. आकडा चुकला तर फवारणी वाया जाते.

अडचण अशी की मूळ फाइलमध्ये ठरावीक चुका आहेत. एका केंद्रावर एका दिवसाचा पाऊस ११२४ मिलिमीटर दाखवलाय. कुठे मुसळधार पडलेल्या दिवशी शून्य आहे. मी एक्सेलमध्ये जाऊन आकडे बदलतो, पुढच्या सोमवारी नवी फाइल आली की माझं काम पुसलं जातं. कोणते आकडे बदलायचे ते वहीत लिहून ठेवलंय आणि दर सोमवारी वही उघडून तेच करत बसतो. संबंधितांना कळवलंय, काही चुका सुधारल्या, काही तशाच आहेत. याला काही धडाची पद्धत आहे का?

सुलभा_पेडणे
तुम्ही अर्ज लेखी दिला का? आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव चुकलं होतं. तोंडी सांगून काही होत नाही. मामलेदाराकडे अर्ज, सोबत जुनी कागदपत्रं, मग सुनावणी. वेळ लागला पण दुरुस्ती मूळ नोंदीतच झाली. तुम्हीही मूळ जागीच दुरुस्त करून घ्या, दर वेळी आपण का करत बसायचं?

पावसाळी_साखळी
सुलभाताई, लेखी कळवलंय आणि कळवत राहीनच. पण तिथे दुरुस्ती होईपर्यंत माझा सोमवार थांबत नाही. मधल्या काळात आमच्याकडचा आकडा बरोबर कसा ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

रमाकांत_फोंडा
यात एवढं काय आहे? एक नियम लावा. दिवसाचा पाऊस ५००च्या वर गेला की दहाने भागा. ११२४ चे ११२.४ होतील. दशांश चिन्ह राहून गेलंय हे उघड दिसतंय. सूत्र एकदा घातलं की कायमचं काम झालं, यादी-बिदी ठेवायची गरज नाही.

विदिशा_पणजी
रमाकांतबाब, ५००ची मर्यादा संशयित आकडा पकडायला उत्तम आहे, ती ठेवावीच. पण तिच्यावर विसंबून आकडा बदलणं धोक्याचं आहे. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तुमच्या सूत्राने तो ९४.४ झाला असता. आणि उलट बाजूही बघा: ३२.४ च्या जागी ३२४ लिहिलं गेलं तर ते ५००च्या आतच राहतं, नियमाला दिसतच नाही. आपल्याकडे जुलैत दिवसाला ३२४ पडू शकतो, म्हणून नुसतं आकड्याकडे बघून ठरवता येत नाही. प्रत्येक आकड्यामागे पुरावा लागतो.

साखळीकर, तुमची वही हेच खरं तर उत्तर आहे. ती फक्त यंत्राला वाचता येईल अशी करायची. एक छोटी फाइल, एका ओळीत एक दुरुस्ती. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती उतरवली तशीच जपून ठेवायची. दर सोमवारी नवी फाइल आली की तिच्यावर ही यादी चालवायची आणि निकाल तिसऱ्या फाइलमध्ये लिहायचा. बेरजा, सरासऱ्या सगळं त्या तिसऱ्या फाइलवरून. बेरीज आधी आणि दुरुस्ती नंतर असा क्रम झाला तर ११२४ तालुक्याच्या सरासरीत शिरून बसतो आणि मग शोधूनही सापडत नाही.

यादीचा आकार असा ठेवा:

```csv
station,date,field,old,new,reason
G07,2024-07-09,rain_mm,1124.0,112.4,दशांश सरकला; एकूण पावसाशी ताळा जमला
```

यात सगळ्यात महत्त्वाचा रकाना `old` आहे. त्यावर सविस्तर लिहिते, पण आधी सांगा: ११२.४ हाच खरा आकडा हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

पावसाळी_साखळी
फाइलमध्ये रोजच्या पावसाशेजारी १ जूनपासूनची एकूण बेरीजही असते. ८ जुलैला एकूण १३८६.२ होती, ९ जुलैला १४९८.६. फरक ११२.४. म्हणजे बेरीज करणाऱ्याकडे बरोबर आकडा होता, रोजच्या रकान्यात लिहिताना घसरला. शेजारच्या दोन केंद्रांवरही त्या दिवशी शंभराच्या आसपासच पाऊस होता.

विदिशा_पणजी
अगदी योग्य ताळा. `reason`मध्ये हे दोन एकूण आकडेही लिहून टाका. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर 'मला तसं वाटलं' हे उत्तर पुरत नाही.

आता `old`. बरेच जण यादीत फक्त 'या केंद्राचा या तारखेचा आकडा ११२.४ कर' एवढंच लिहितात. काही महिने ते छान चालतं. मग मूळ ठिकाणी कोणीतरी नोंदवही काढून तपासतो आणि खरा आकडा भरतो. तो तुमच्या ११२.४ पेक्षा वेगळा असू शकतो. तुमची यादी मात्र दर सोमवारी त्या खऱ्या आकड्यावर आपला जुना अंदाज चढवत राहते. कुठे लाल खूण नाही, कुठे सूचना नाही. मूळ बरोबर आणि आपण चूक, अशी उलटी अवस्था होते.

म्हणून दुरुस्ती अशी बोलली पाहिजे: 'इथे अजूनही ११२४.० असेल तरच ११२.४ कर.' मग दर वेळी प्रत्येक ओळीचा चारपैकी एक निकाल लागतो. मूळ आकडा `old`शी जुळला तर दुरुस्ती लागली. तो आधीच `new`एवढा असेल तर मूळ ठिकाणी सुधारणा झाली, आपली ओळ निवृत्त करायची. दोन्हींपैकी काहीच नसेल तर वाद आहे, माणसाने बघायचं. आणि ते केंद्र-तारीखच फाइलमध्ये नसेल तर ओळ हरवली.

ओंकार_मडगाव
मी हेच पॉवर क्वेरीत करतो, कोड न लिहिता. दुरुस्त्यांची वेगळी शीट, ती केंद्र आणि तारीख या दोन रकान्यांवर मर्ज करायची, लेफ्ट आउटर. मग कस्टम कॉलम: दुरुस्ती असेल तर ती, नाहीतर मूळ. रिफ्रेश दाबलं की झालं. क्वेरीतून आलेल्या तक्त्यात हाताने बदललं तर रिफ्रेशला ते पुसलं जाणारच, त्यामुळे साखळीकरांचं दुःख समजू शकतो.

माझी अडचण जरा वेगळी. आम्ही सासष्टीतल्या बसथांब्यांची यादी करतोय, नकाशासाठी. त्यात कित्येक थांब्यांचे अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. १५.२ आणि ७३.९ हवं तिथे ७३.९ आणि १५.२. नकाशावर हे थांबे नॉर्वेच्या वरच्या समुद्रात दिसतात. एकेक करून दुरुस्तीच्या शीटमध्ये टाकतोय, शंभरच्या वर झाल्या.

विदिशा_पणजी
ओंकार, इथे मात्र रमाकांतबाबांचा नियमाचा मार्गच बरोबर. गोव्याचा अक्षांश साधारण १४.९ ते १५.८ आणि रेखांश ७३.६ ते ७४.४ यांच्या आत असतो. हे दोन पट्टे एकमेकांपासून इतके दूर आहेत की अदलाबदल शंभर टक्के ओळखता येते. कारण एकच, उपाय एकच, शंका शून्य: असं असेल तेव्हा नियम लिहायचा. नवे उलटे थांबे आले तरी तो त्यांना पकडेल. यादी फक्त त्या चुकांसाठी, ज्यांच्यामागे प्रत्येकी वेगळी हकिकत आहे. तुमची यादी शंभरावर गेली हीच खूण आहे की तिच्यात एखादा नियम लपलेला आहे.

गावांच्या नावांच्या वेगवेगळ्या वर्तन्या असतील तर त्याही यादीत नकोत. त्यांच्यासाठी 'हे लिहिलं असेल तर हे समज' असा वेगळा तक्ता ठेवा.

आणि तुमच्या मर्जमध्ये एक गोष्ट तपासा. शीटमध्ये एकाच थांब्याच्या दोन ओळी चुकून पडल्या तर लेफ्ट आउटर मर्ज तो थांबा दोनदा काढतो. बेरजा करायच्या असतील तर आकडा दुप्पट होतो. मर्ज करण्याआधी किल्ल्या, म्हणजे ज्यांच्यावर जुळवणी होते ती मूल्यं, शीटमध्ये एकेकदाच आहेत ना, हे बघून घ्या.

रमाकांत_फोंडा
पटलं, ३२४ चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग सरळ डेटाबेसमध्ये सगळं घालून एक अपडेट आज्ञा का नाही द्यायची? यादीपेक्षा सोपं.

विदिशा_पणजी
आज्ञाही चालेल, `where`मध्ये जुन्या आकड्याची अट घातली तर. फक्त ती दर भरण्यानंतर आपोआप चालली पाहिजे, कोणाच्या आठवणीवर नको. यादीचा फायदा असा की कोड न कळणारा माणूसही ती उघडून वाचू शकतो. साखळीकरांच्या गटातला बागायतदार विचारेल, 'माझ्या गावचा आकडा तुम्ही का बदललात?' तर त्याच्यासमोर ती ओळ ठेवता येते.

पायथनमध्ये हवं असेल तर एवढंच लागतं. `fixes.csv`मध्ये सध्या फक्त `rain_mm`च्या दुरुस्त्या आहेत असं धरलंय:

```python
import pandas as pd

opt = dict(dtype=str, keep_default_na=False)
raw = pd.read_csv("raw.csv", **opt)
fix = pd.read_csv("fixes.csv", **opt)
m = raw.merge(fix, on=["station", "date"], how="outer",
              validate="1:1", indicator=True)

def state(r):
    if r["_merge"] == "left_only":
        return "untouched"
    if r["_merge"] == "right_only":
        return "missing"
    if r["rain_mm"] == r["old"]:
        return "applied"
    if r["rain_mm"] == r["new"]:
        return "retired"
    return "conflict"

m["state"] = m.apply(state, axis=1)
hit = m["state"] == "applied"
m.loc[hit, "rain_mm"] = m.loc[hit, "new"]
print(m["state"].value_counts())
out = m[m["state"] != "missing"]
out.to_csv("fixed.csv", index=False)
```

`validate="1:1"` असल्यामुळे कुठल्याही बाजूला दुहेरी किल्ली असेल तर काम तिथेच थांबतं. सगळं मजकूर म्हणून वाचलंय, ते मुद्दाम. आकडे म्हणून वाचलं की रिकामी जागा, शून्य आणि 'नोंद नाही' यांचा घोळ सुरू होतो.

तुकाराम_वाळपई
मी कोडवाला नाही, पण काही वर्षं पर्जन्यमापक वाचायचं काम केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली. वाचन सकाळी साडेआठला होतं आणि त्या दिवसाच्या तारखेला आदल्या चोवीस तासांचा पाऊस लिहायचा असतो. नवा माणूस आला की कधी तो 'पाऊस तर काल पडला' म्हणून कालच्या तारखेला लिहितो, कधी रविवारचं वाचन सोमवारी कळवतो आणि ते सोमवारच्याच नावावर पडतं. म्हणजे आकडा खरा, तारीख खोटी. महिन्याच्या बेरजेत हे दिसत नाही, पण उघडीप किती दिवस होती हे बघणाऱ्याला फसवतं.

दुसरी. मोजायचं काचेचं भांडं लहान असतं. मोठा पाऊस झाला की ते परत परत भरून मोजायचं आणि बेरीज करायची. भर पावसात, छत्री सांभाळत. एखादं भांडं मोजायचं राहून गेलं तर पाऊस कमी दिसतो, आणि तो आकडा एकूण बेरजेतही तसाच कमी जातो. साखळीकरांचा ताळा तिथे जमेल, पण आकडा चूकच असेल.

पावसाळी_साखळी
तुकारामबाब, तारखेचा मुद्दा तंतोतंत! माझ्या वहीत G03 केंद्राचं असंच आहे. १४ तारखेला शून्य, १५ला ८६.०. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर पाऊस १४ला आणि १५ला कोरडं. मी १४ला ८६.० आणि १५ला ०.० असं करतो. यादीत दोन ओळी टाकल्या की झालं ना?

विदिशा_पणजी
दोन ओळी, पण त्या एकत्रच लागल्या पाहिजेत. समजा पुढच्या फाइलमध्ये १४ तारखेची ओळच आली नाही. तुमची पहिली दुरुस्ती 'हरवली' म्हणून सुटेल, दुसरी मात्र १५चे ८६.० पुसून शून्य करेल. ८६ मिलिमीटर पाऊस हंगामातून नाहीसा होईल. म्हणून `group` नावाचा एक रकाना वाढवा, जोडीच्या ओळींना एकच नाव द्या, आणि गटातली एक जरी ओळ 'हरवली' किंवा 'वाद' निघाली तर गटातली कुठलीच लावू नका. वरच्या कोडमध्ये हे नाही, घालावं लागेल.

तुकारामबाबांच्या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मूळ वाचनच कमी झालं असेल तर कुठलीही यादी ते परत आणू शकत नाही. शेजारच्या केंद्रांवरून अंदाज काढून आकडा भरणं हे दुरुस्तीच्या यादीत बसत नाही, तो अंदाज म्हणून वेगळ्या रकान्यात जावा.

ओंकार_मडगाव
एक विचारायचं राहिलं. माझ्या शीटमध्ये काही ठिकाणी मूळ आकडा चूक आहे हे कळतं, पण खरा कुठला ते माहीत नाही. दुरुस्तीचा रकाना रिकामा ठेवला तर माझं सूत्र मूळ आकडाच परत घेतं.

विदिशा_पणजी
घेणारच, कारण रिकामं म्हणजे 'दुरुस्ती नाही' असं तुमच्या सूत्राला वाटतं. एसक्यूएलमध्ये `coalesce(new, rain_mm)` लिहिणाऱ्यांचंही हेच होतं. 'हा आकडा काढून टाक' हे सांगायला ठळक शब्द ठेवा, उदाहरणार्थ `NA`. सगळ्या दुरुस्त्या लागल्यानंतर, अगदी शेवटी, `NA`चं रिकाम्या जागेत रूपांतर करा. पाऊस शून्य असणं आणि पाऊस मोजलाच नसणं यात बागायतदाराच्या दृष्टीने फार फरक आहे.

पावसाळी_साखळी
वहीतल्या सगळ्या दुरुस्त्या फाइलमध्ये घातल्या आणि आज चालवलं. ३१ ओळी. २२ लागल्या, ४ निवृत्त, ४ वाद, १ हरवली.

हरवलेली लगेच कळली: त्या केंद्राचा संकेतांक मूळ फाइलमध्ये बदललाय. चार वादांपैकी तीन नुसतेच दिखाऊ होते. यादी एक्सेलमध्ये उघडून जतन केली होती, त्यात `1124.0` चं `1124` झालं होतं आणि मजकूर म्हणून ते जुळलं नाही.

चौथा मात्र खरा. G11, २१ जुलै. माझ्या ओळीत ०.० चे ७२.० करायचे होते, कारण तेव्हा एकूण बेरीज ७२नेच वाढली होती. आजच्या फाइलमध्ये तिथे ७०.२ आलंय. एकूण रकाना बघितला: २०ला १७११.४, २१ला १७८१.६. फरक ७०.२. म्हणजे त्यांनी रोजचा आकडा आणि एकूण दोन्ही सुधारलं. मी ती ओळ निवृत्त केली. मागच्या सोमवारसारखं वहीवरून हाताने केलं असतं तर आजही ७२च गेलं असतं.

विदिशा_पणजी
छान. `1124`साठी जुळवताना दोन्ही बाजूंचं `float` करून बघा, म्हणजे १२ आणि १२.० एकच ठरतील. `NA` किंवा रिकामी जागा असलेल्या ओळी तेवढ्या वगळा. यादी शक्यतो एक्सेलमध्ये उघडूच नका, साध्या नोटपॅडमध्ये बदला. एक्सेल कधी कधी तारखांचं रूपही बदलून ठेवतं, आणि मग सगळ्याच ओळी 'हरवल्या' म्हणून येतात. निवृत्त ओळी पुसू नका, वेगळ्या फाइलमध्ये हलवा. मूळ ठिकाणी जुनी फाइल परत चढवली गेली तर त्याच चुका पुन्हा येतात, तेव्हा पुरावा हाताशी असतो.

रमाकांत_फोंडा
एक शंका. वाद निघाला तर त्या सोमवारी गटाला काय पाठवायचं? माझ्या मते सगळंच थांबवावं. चुकीचा आकडा जाण्यापेक्षा उशिरा गेलेला बरा.

विदिशा_पणजी
मी थांबवत नाही. मूळ आकडा तसाच जाऊ देते आणि शेजारी खूण करते. एका केंद्रासाठी बाकीची सगळी अडवून ठेवणं मला पटत नाही.

तुकाराम_वाळपई
उघडीप दोन दिवसांची असते. सोमवारचा आकडा बुधवारी मिळाला तर फवारणीला काय उपयोग? पण ११२४ सारखा आकडा खूण करूनही पाठवू नका, लोक खूण वाचत नाहीत. तिथे रिकामंच ठेवा.

पावसाळी_साखळी
मी सध्या असं करतो: वादातला आकडा ५००च्या वर असेल तर रिकामी जागा, खाली असेल तर मूळ आकडा आणि खूण. रमाकांतबाबांची मर्यादा तिथे कामाला आली. ३२.४ चे ३२४ मात्र यातूनही सुटतात, त्यासाठी एकूण रकान्याचा फरक दर सोमवारी सगळ्याच ओळींवर काढून बघणार आहे. सुलभाताई, चालू ओळींची यादी पुराव्यासकट छापून लेखी अर्जाला जोडतोय. सगळ्यांचे आभार, देव बरें करूं.

सुलभा_पेडणे
पोच घ्यायला विसरू नका. आवक क्रमांक घातलेली.